प्रसाद, तीर्थ आणि शेजारचे पाहुणे: एका सत्यनारायणाच्या पुस्तिकेचं भाषांतर

काम दिसायला किरकोळ होतं. इंग्लंडमधल्या एका मराठी कुटुंबानं नवं घर घेतलं. वास्तुशांत उरकली आणि पुढच्या शनिवारी सत्यनारायण घालायचा ठरला. सुमारे चाळीस पाहुणे येणार होते. त्यांत निम्मे मराठी आणि उरलेले शेजारी, ऑफिसमधले सहकारी, मुलांच्या मित्रांचे आईवडील. त्यांच्यासाठी आठ पानांची इंग्रजी पुस्तिका हवी होती. आज काय चाललंय, केव्हा काय करायचं, हे त्यात सांगायचं आणि पाचही अध्यायांची कथा थोडक्यात द्यायची. घरातल्या एका भाच्यानं कच्चा खर्डा आधीच करून ठेवला होता. तो तपासून 'जरा नीट' करून द्या, एवढीच मागणी.

भाच्याचं इंग्रजी चांगलं होतं, व्याकरणाची चूक शोधून सापडली नसती. त्यानं एकच धोरण ठेवलं होतं, आणि ते चांगल्या मनानं ठेवलेलं होतं: एकही परका शब्द नको, पाहुण्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको. म्हणून पूजेला 'वर्शिप', नैवेद्याला 'ऑफरिंग', प्रसादालाही 'ऑफरिंग', तीर्थाला 'होली वॉटर', मूर्तीला 'आयडल', दर्शनाला 'व्ह्यूइंग', व्रताला 'व्हाउ' आणि संकल्पाला 'रेझोल्यूशन'. कोशात पाहिलं तर यातला एकही प्रतिशब्द चूक ठरत नाही. तरीही पुस्तिका हातात घेतलेला पाहुणा चार ठिकाणी फसला असता आणि एका ठिकाणी दुखावला गेला असता.

याच्या उलट टोकाचं धोरणही मला ठाऊक आहे, कारण मंदिरांच्या माहितीपत्रकांत ते सर्रास दिसतं. त्यात सगळे शब्द मूळचेच, तिरप्या अक्षरांत, आणि शेवटी दोन पानांची शब्दसूची. षोडशोपचार, आचमन, पंचामृत, अक्षता, उपरणं, ताम्हन, पळी. असा कागद हातात पडला की पाहुणा पहिल्या परिच्छेदानंतर तो घडी घालून खिशात ठेवतो. एका हातात पेला, मांडीवर लहान मूल, आणि पूजा चालू असताना मागचं पान उघडून शब्दसूची कोण बघणार?

कानावर पडणारे शब्द

कोणता शब्द राखायचा आणि कोणता उलगडून सांगायचा, हे मी शब्दाच्या पावित्र्यावरून ठरवलं नाही. त्या संध्याकाळी त्या दिवाणखान्यात पाहुण्याच्या कानावर कोणते शब्द पडणार आहेत, हे आधी पाहिलं. घरच्या सूनबाईंना फोन करून विचारलं, "तुमच्याकडे पूजा असते तेव्हा माणसं एकमेकांशी मोठ्यानं काय काय बोलतात?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, काय बोलणार! पूजा झाली का, गुरुजी आले का, आरतीला चला, तीर्थ घ्या, प्रसाद घेतल्याशिवाय जायचं नाही हं."

पुस्तिकेची शब्दनिवड या एका उत्तरातच निम्मी झाली. पूजा, गुरुजी, आरती, तीर्थ, प्रसाद. हे पाच शब्द पाहुण्याला ऐकू येणार, आणि त्यातल्या तिघांवर त्याला काहीतरी करावं लागणार: उभं राहायचं, तळहात पुढे करायचा, खायचं. पुस्तिकेत 'होली वॉटर' छापलं आणि समोरच्या काकू पळी पुढे करून "तीर्थ घ्या" म्हणाल्या, तर कागद आणि काकू यांचा मेळ पाहुण्यानं कसा घालायचा? म्हणून हे पाच मूळ रूपातच राहिले आणि प्रत्येकाला पहिल्या खेपेला वाक्यातच अर्थ जोडला.

उलट नैवेद्य हा शब्द आपल्याला कितीही जवळचा असला तरी पाहुण्याला तो ऐकू येत नाही. गुरुजी म्हणतात तेव्हा तो मंत्रांच्या ओघात निघून जातो. संकल्पाचंही तेच. ताम्हन, पळी, चौरंग या वस्तू तर समोर दिसतातच. त्यांना 'तांब्याचं ताट', 'चमचा', 'बुटकं पाटासारखं टेबल' म्हटलं की भागतं. वाचकाच्या डोक्यात नव्या शब्दांसाठी जागा मोजकीच असते. ती ताम्हनावर खर्च केली तर प्रसादासाठी उरत नाही.

दर्शन हा शब्द मी पुस्तिकेतून आणि निमंत्रणातूनही काढूनच टाकला. भाच्यानं 'पाच ते आठ व्ह्यूइंग' लिहिलं होतं. तिकडे घर विकायला काढलं की गिऱ्हाइकं ते बघायला येतात, त्याला हाच शब्द आहे. नव्या घराच्या निमंत्रणात तो वाचून शेजाऱ्यांना वाटलं असतं की हे इतक्यात विकायला निघाले की काय. आपल्या पत्रिकांत 'तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा' असं छापतात. त्याचा व्यवहारातला अर्थ सगळ्या मराठी माणसांना ठाऊक असतो: पूर्ण पूजेला बसायची सक्ती नाही, सवडीनं या, नमस्कार करा, शिरा घ्या, जा. हा अर्थ एकाही शब्दात नाही, तो प्रथेत आहे. म्हणून तो सरळ वाक्यात लिहिला: पूजा चार वाजता सुरू होईल, पण पाच ते आठ यांच्या दरम्यान केव्हाही आलात तरी चालेल, आणि दहा मिनिटं थांबून गेलात तरी कुणी वाईट मानणार नाही.

मोठा शब्द राखला, पोटातले उलगडले

'वर्शिप' का नको, हा प्रश्न भाच्यानं विचारला आणि तो रास्त होता. तिकडच्या वाचकाला वर्शिप म्हटलं की ओळीनं मांडलेली बाकं, सगळ्यांनी मिळून गायलेली गाणी आणि पुढे उभं राहून बोलणारा माणूस दिसतो. बसल्या जागी आपणही सामील व्हायचं, शांत राहायचं, मध्ये उठायचं नाही, ही शिस्तही त्या शब्दाबरोबर येते. सत्यनारायणाला आपल्या घरी काय चित्र असतं? यजमान जोडपं पाटावर, गुरुजी सांगतात तसं करतंय. स्वयंपाकघरात रवा भाजला जातोय. मुलं जिन्यावरून खालीवर पळतायत. काका दारात उभे राहून पार्किंग कुठे मिळालं ते सांगतायत. यात कुणी पूजेचा अपमान करत नाही. पाहुण्याला मात्र तसं वाटू शकतं, आणि मग तो दोन तास अवघडून बसतो.

पूजा हा शब्द इंग्रजी कोशांत केव्हाच जाऊन बसला आहे, त्यामुळे तो ठेवायला हरकत नव्हती. प्रश्न होता तो सोबतच्या अर्थाचा. मी लिहिलं ते मराठीत सांगायचं तर असं: 'पूजा म्हणजे देवाला घरी आलेल्या पाहुण्यासारखं बोलावून त्याचं आगतस्वागत करणं.' हा अर्थ मी पदरचा घातलेला नाही. षोडशोपचार पाहिले की तो आपोआप दिसतो. आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, हात धुवायला पाणी, प्यायला पाणी, स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फूल, धूप, दिवा, जेवण, प्रदक्षिणा, नमस्कार आणि शेवटी मंत्रपुष्प. आदल्या पिढीतल्या घरात पाहुणा आला की त्याचं जे जे व्हायचं, त्याचाच हा क्रम आहे. हे सोळाच्या सोळा उपचार इंग्रजीत साध्या शब्दांत दिले, एकाचंही संस्कृत नाव ठेवलं नाही. पाद्य आणि अर्घ्य असं छापलं असतं तर वाचकानं दोन अवघड नावं पाहिली असती. 'पाय धुवायला पाणी' वाचल्यावर त्याला गुरुजींच्या हातात पळी का आहे, हे समोर बघून कळतं.

संकल्पाला 'रेझोल्यूशन' म्हटल्यावर तिकडे आठवतो तो एक जानेवारी आणि व्यायामशाळेची वर्गणी. संकल्पात यजमान आपण कुठे आहोत, आज कोणती तिथी आहे, आपलं नाव-गोत्र काय आणि ही पूजा कशासाठी करतो आहोत, हे उच्चारतो. म्हणून तेवढंच लिहिलं. गुरुजींचं मात्र उलट केलं. 'प्रीस्ट' हा शब्द फारसा चूक नाही, पण घरातलं कुणीच तो वापरणार नव्हतं. तेव्हा 'प्रीस्ट, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतील' असं एकदा लिहून पुढे सगळीकडे गुरुजी.

कलावती काय खायला विसरली?

कथेच्या भाषांतरात प्रसाद हा शब्द किती भार उचलतो ते उघड झालं. चौथ्या अध्यायात साधुवाणी आणि त्याचा जावई कैदेतून सुटून नावेनं परत येतात. इकडे लीलावती आणि तिची मुलगी कलावती सत्यनारायणाची पूजा करत असतात. नाव किनाऱ्याला लागल्याची बातमी येते. आई पुढे निघते आणि मुलीला पूजा आटोपून यायला सांगते. कलावती पूजा पुरी करते, पण नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद न घेताच धावत सुटते. तिथे पोहोचते तो नाव नवऱ्यासकट दिसेनाशी झालेली. मग आकाशवाणी होते: तुझी मुलगी प्रसाद टाकून आली आहे, ती घरी जाऊन प्रसाद घेऊन परत आली की तिला तिचा नवरा मिळेल. ती तसं करते आणि नाव पुन्हा दिसते.

भाच्याच्या खर्ड्यात कलावती 'ऑफरिंग' न खाता धावली होती. इंग्रजी वाचकाच्या मनात ऑफरिंग म्हणजे आपण देवाला देतो ती वस्तू. ती देवासाठी असते, तेव्हा ती न खाणं हेच बरोबर. मग देव रागावला कशाला? त्या वाचकाला कथा उलटी वाटते: जिनं देवाचं खाल्लं नाही तिला शिक्षा झाली. इथे गाडं अडलं ते नैवेद्य आणि प्रसाद या दोन शब्दांना एकाच इंग्रजी शब्दात कोंबल्यामुळे. आपल्याकडे पातेल्यातला शिरा तोच असतो, पण देवापुढे ठेवताना तो नैवेद्य आणि तिथून परत आल्यावर प्रसाद. आधी आपण देतो, मग देव देतो. कलावतीनं देवाला द्यायचं राहून गेलं नव्हतं, ते तिनं केलंच होतं. देवानं दिलेलं घ्यायला ती थांबली नाही. प्रसाद आणि प्रसन्न हे एकाच धातूतून आलेले शब्द आहेत. देव प्रसन्न झाला त्याची खूण पानावर पडली, आणि ती तशीच टाकून बाई निघून गेली.

पाचव्या अध्यायातल्या तुंगध्वज राजाचं प्रकरणही असंच. शिकारीहून परतताना त्याला वडाखाली गवळी सत्यनारायण करताना दिसतात. तो जवळ जात नाही, नमस्कार करत नाही. गवळी त्याच्यापुढे प्रसाद आणून ठेवतात, तोही तो टाकून जातो आणि राज्य, संपत्ती, शंभर मुलगे गमावतो. इथे 'ऑफरिंग' आणखी घात करतं, कारण गवळ्यांनी राजाला काहीतरी नजराणा दिला आणि त्यानं तो नाकारला, असा अर्थ सहज निघतो. राजानं प्रजेचा नजराणा नाकारणं ही फार तर उर्मट वागणूक झाली. गुराख्यांच्या हातचं, त्यांच्याच पंगतीतलं देवाचं देणं नाकारणं हा कथेतला खरा मुद्दा आहे.

दोन्ही शब्द ठेवावेत का, यावर मी बराच विचार केला. शेवटी नैवेद्य सोडला. पुस्तिकेत तो एकदाच येत होता, प्रसाद मात्र पानोपानी. दोन नवे शब्द एकाच वाक्यात शिकवले की वाचक दोघांची सरमिसळ करतो, हे अनुभवानं माहीत आहे. म्हणून बदलाचा क्षण वाक्यात आणला आणि नाव फक्त बदलानंतरच्या रूपाला दिलं. इंग्रजी मजकूर मराठीत असा होईल: 'हा शिरा आधी देवापुढे ठेवतात. तिथून परत येतो तेव्हा तो प्रसाद होतो, म्हणजे देवानं आपल्याला दिलेलं, आणि तो हजर असलेल्या प्रत्येकाला थोडा थोडा वाटतात.' हे वाक्य दुसऱ्या पानावर, कथेच्या आधी टाकलं. पुढे कथेत नुसतं 'प्रसाद', अर्थ पुन्हा दिला नाही. खर्डा सुधारून झाल्यावर ज्यांना या पूजेची काही कल्पना नाही अशा एका इंग्रज बाईंना तो वाचायला दिला आणि एवढंच विचारलं, "कलावतीचं चुकलं काय?" त्या म्हणाल्या, "तिला मिळालेलं तिनं घेतलं नाही." शब्दाला जोडलेला अर्थ पुरेसा आहे की नाही हे तपासायला याहून सोपी रीत मला माहीत नाही. वाचकाला शब्दाचा अर्थ विचारू नये, कारण तो पान उलटून वाचून दाखवतो. गोष्टीत पुढे जे घडलं ते का घडलं, हे विचारावं.

व्रताचा गुंता त्यामानानं लवकर सुटला. साधुवाणी मूल झालं की व्रत करीन म्हणतो, मग मुलीच्या लग्नात करीन म्हणतो आणि विसरतो. खर्ड्यात त्याचं बोलणं आणि व्रत या दोन्हींना 'व्हाउ' होतं, त्यामुळे तो वचन द्यायचं वचन देत सुटला होता. कथेत व्रत म्हणजे हीच पूजा, ही कथा आणि हा प्रसाद. तेव्हा व्रताच्या जागी 'ही पूजा' आणि वाण्याच्या बोलण्याला साधं 'कबूल केलं'.

'नुसतं गोड म्हणा ना'

खरी ओढाताण पुढे झाली. पुस्तिकेचा खर्डा घरात फिरला तेव्हा यजमानांच्या आईंनी, म्हणजे काकूंनी, फोनवर सांगितलं, "देवापुढे ठेवलेलं वगैरे कशाला लिहायचं? त्यांच्यातले कुणी मग खाणार नाहीत. नुसतं गोडाचा पदार्थ म्हणा ना. आपण प्रेमानं देतोय, त्यांनी प्रेमानं खावं." भाचा दुसऱ्या टोकाला होता. त्याला 'आयडलपुढे ऑफर केलेलं अन्न' हे अचूक आणि प्रामाणिक वाटत होतं.

दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य होतं, पण दोन्ही पर्याय चालण्यासारखे नव्हते. भाच्याची शब्दजोडी बायबल वाचणाऱ्या माणसाच्या कानाला भलतीच लागते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलानं मूर्तींना वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न सविस्तर चर्चिला आहे, आणि इंग्रजी बायबलांत तिथे जवळपास हेच शब्द येतात. आपण सहज म्हणून लिहिलेलं वाक्य तिथे थेट निषेधाच्या यादीत जाऊन बसतं. 'आयडल' शब्दाचंही तसंच. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत गणपतीची 'आयडल' विसर्जित होते आणि कुणाला काही वाटत नाही. तिकडच्या धार्मिक वाचकासाठी मात्र तो शब्द जन्मतःच खोट्या देवाचा आहे. मी 'इमेज' वापरला. तो थोडा मिळमिळीत आहे हे मान्य, पण चौरंगावर बाळकृष्ण आणि शाळिग्राम होते, आणि गुळगुळीत काळ्या शाळिग्रामाला 'पुतळा' म्हणण्यापेक्षा तो बरा.

काकूंचं म्हणणं मात्र मला अधिक धोक्याचं वाटलं, हेतू किती का चांगला असेना. पाहुण्यांत एक मुसलमान कुटुंब होतं. अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावे वाहिलेलं खाऊ नये, असं कुराणात सांगितलं आहे. ते प्रसाद घेतील की नाही, हा त्यांचा प्रश्न. कुणी घेतात, कुणी नाही. पण 'गोडाचा पदार्थ' म्हणून हातात दिला आणि नंतर कळलं, तर तो शेजाऱ्याचा विश्वासघात होतो. अर्थ सांगताना तुम्ही काय वगळता, तेही भाषांतरच असतं. म्हणून 'देवापुढे ठेवतात' हे शब्द कायम राहिले. वाचकाला निर्णय घ्यायला तेवढी माहिती लागतेच, आणि तीत निंदाही नाही, लपवाछपवीही नाही.

पण त्यानं एक नवीच अडचण उभी राहिली. याच पुस्तिकेच्या सहाव्या पानावर तुंगध्वज प्रसाद नाकारतो आणि त्याची शंभर मुलं जातात. हे वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी शेजाऱ्यापुढे द्रोण येणार! नाही म्हणायचं ठरवलेल्या माणसाची अवस्था काय होईल? कथा सौम्य करावी अशी सूचना आली. मी नकार दिला, कारण प्रसाद नाकारण्याचा परिणाम काढला तर चौथा आणि पाचवा अध्याय उरतच नाहीत. त्याऐवजी कथेबाहेर, यजमानांच्या नावानं दोन वाक्यं घातली: कथेतला राजा गर्वानं नाकारतो, आपल्या घरी तसं कुणी समजत नाही, नको असेल तर हात जोडून 'नको' म्हणा, तेवढं पुरे. भाषांतरकाराचं स्पष्टीकरण आणि यजमानाचं आश्वासन हे वेगळे आवाज आहेत, त्यांची जागाही वेगळी हवी. ही वाक्यं मी अर्थ सांगण्याच्या ओघात घुसडली असती तर 'प्रसाद नाकारला तरी चालतो' असं कथाच सांगते असा समज झाला असता, आणि कथा नेमकं उलटं सांगते.

काकूंना हे पटायला थोडा वेळ लागला. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, पण 'नको' कसं म्हणायचं ते मराठीत लिही, निदान एक शब्द तरी शिकतील." तो शब्द पुस्तिकेत आला.

रवा, गहू आणि तांदळाचं पीठ

प्रसादाच्या अर्थात आणखी एक गोष्ट बसवायची होती, ती आपल्याला सुचतही नाही. पाहुण्यांतल्या एका मुलीला गव्हाचा त्रास होता, तोही 'जरा जड पडतं' असा नव्हे. डॉक्टरांनी कायमचा बंद केलेला. खर्ड्यात शिऱ्याला 'ब्लेस्ड स्वीट' होतं. एखादा शब्द कितीही मंगल असला तरी त्यात गहू आहे की नाही हे कळत नाही. म्हणून पहिल्या अर्थाच्या लगेच खाली घटक दिले: रवा म्हणजे गहू, तूप, दूध, साखर, केळं, वेलची, वर काजू आणि बेदाणे. 'सेमोलिना पुडिंग' असं नाव दिलं नाही, कारण तिकडच्या एका पिढीला ते शाळेतल्या जेवणातल्या पातळ खिरीसारख्या पदार्थाचं नाव म्हणून आठवतं, आणि बहुतेकांची ती आठवण गोड नसते.

इथे कथेनंच मदत केली. पहिल्या अध्यायात प्रसादाचं साहित्य सांगितलं आहे: केळी, तूप, दूध, गव्हाचं पीठ, ते नसेल तर तांदळाचं पीठ, साखर किंवा गूळ, आणि सगळं सपाद, म्हणजे सव्वा मापानं. आपला सव्वा किलो रवा, सव्वा लिटर दूध हा हिशेब तिथूनच आला. तेव्हा तांदळाच्या पिठाचा शिरा ही तडजोड नव्हती, पोथीतच दिलेला पर्याय होता. सूनबाईंनी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही वाट्या देवापुढे ठेवा, दोन्ही प्रसादच. दुसरा शिरा आधी, वेगळ्या कढईत, वेगळ्या डावानं करून झाकून ठेवायचा, कारण भाजताना रव्याची धूळ ओट्यावर सगळीकडे बसते. द्रोणांवर चिठ्ठ्या लावायच्या. दुधाचा पदार्थच न खाणाऱ्यांसाठी त्या श्लोकात काही सोय नाही. त्यांच्यासाठी देवापुढे ठेवलेली फळं होती, आणि तीही प्रसादच. हे वाक्य पुस्तिकेत लिहिल्यावर 'प्रसाद' म्हणजे एक ठरावीक पदार्थ हा गैरसमजही जाता जाता निघाला. परदेशात वाढलेल्या आपल्याच मुलांत तो फार असतो. त्यांना प्रसाद म्हणजे शिराच वाटतो.

शेजारी एक शीख आजोबाही होते. त्यांना यातलं काहीच सांगावं लागलं नसतं. गुरुद्वाऱ्यातला कडा प्रसाद, म्हणजे कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात, त्यांच्या रोजच्या ओळखीचा. पण त्यांच्याकडे तो दोन्ही हातांची ओंजळ करून घेतात, आणि तीर्थ आपण उजव्या तळहातावर घेतो. तेव्हा वागण्याची सूचना सगळ्यांनाच लागणार होती.

तीर्थाचं काय करायचं

'होली वॉटर' वाचून कॅथलिक माणूस बोटं बुडवून कपाळाला लावेल. तीर्थ मात्र प्यायचं असतं. शिवाय त्या दिवशीचं तीर्थ म्हणजे पाणी नव्हतंच. ते पंचामृत होतं: दूध, दही, तूप, मध, साखर, वर तुळशीचं पान. शब्दाऐवजी कृती लिहिली: 'कुणी "तीर्थ घ्या" म्हणालं की उजवा तळहात खोलगट करून पुढे करा. देवाच्या मूर्तीला ज्यानं स्नान घातलं त्या गोड दुधाचा एक चमचा त्यावर पडेल. तो पिऊन टाका. यात दूध आणि मध आहे.' आपल्या पोरांना तीर्थ म्हटल्यावर जे दुसरं पेय आठवतं, त्याची तळटीप घालावी असं भाच्यानं सुचवलं. काकू फोनवर होत्या, म्हणून तो विषय तिथेच थांबला.

आरतीलाही असंच केलं, फक्त तिथे दोन गोष्टी एकाच नावाखाली येतात. आरती म्हणजे गाणंही आणि ओवाळलेला दिवाही. 'आरती सुरू झाली' म्हणजे उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आणि 'आरती घ्या' म्हणजे तबक समोर आल्यावर ज्योतीवरून तळहात फिरवून डोळ्यांना, कपाळाला लावायचे. पुस्तिकेत दोन्ही वाक्यं दिली, कारण दोन्ही ऐकू येणार होती. ज्योत खरी असते, बाही सैल असेल तर सांभाळा, हेही लिहिलं. तबकात पैसे टाकायची सक्ती नाही, हे लिहायला सूनबाईंनी आठवण केली.

बाकी निर्णय छोटे होते. राखलेले पाच शब्द पहिल्या खेपेला तिरप्या अक्षरांत, नंतर सरळ, कारण सगळीकडे तिरपे ठेवले की प्रत्येक वेळी 'हे परकं आहे' असं ओरडून सांगितल्यासारखं होतं. पूजा हा शब्द रोमन लिपीत यू घालून की दोन ओ घालून, यावर निमंत्रण आणि पुस्तिका यांची स्पेलिंगं जुळत नव्हती. दोन्हीकडे यू केला. प्रसादच्या शेवटी 'अ' जोडायचा नाही, कारण काकू 'प्रसाद' म्हणतात, 'प्रसादा' नाही. शब्दसूची काढून टाकली.

मागाहून त्याच घरातून आणखी एक विनंती आली. तिकडेच जन्मलेल्या पुतण्या-भाच्यांसाठी हीच पुस्तिका चालेल का? ती तशीच चालणार नव्हती. त्यांना प्रसाद, आरती, गुरुजी हे शब्द पाठ आहेत. अर्थ सांगत बसलो तर ती मुलं डोळे फिरवतील. त्यांना अडतं ते सोळा उपचारांचं आणि कलावतीचं. त्यांच्या प्रतीतून पाचही शब्दांचे अर्थ काढले, नैवेद्य मात्र त्याच्या नावानिशी आत घेतला, कारण आजी स्वयंपाकघरातून "नैवेद्य दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही" असं ओरडते ते त्यांच्याच अंगावर.